सीईआर ४.२ आणि डब्ल्यूईआर २७: पुस्तकाच्या ओसीआरची अचूकता नक्की किती?

जुनी_पाने

४३० पानांचे छापील मराठी पुस्तक आहे, जुन्या शुद्धलेखनातले. ३०० डीपीआयला स्कॅन करून ओसीआर केले, म्हणजे प्रतिमेतला मजकूर यंत्राकडून उतरवून घेतला. अचूकता मोजायला पहिली २० पाने घेतली. ओसीआरचा मजकूर पानाशी ताडून दुरुस्त केला आणि मग मूळ ओसीआर व दुरुस्त मजकूर jiwer या चुका मोजणाऱ्या पायथन लायब्ररीला दिले. सीईआर, म्हणजे खुणांमागे चुकांचा दर, ४.२ टक्के आला, आणि डब्ल्यूईआर, म्हणजे शब्दांमागे चुकांचा दर, २७ टक्के.

मजकूर तोच, मग दोन आकड्यांत एवढी तफावत का? पुस्तक ९६ टक्के बरोबर उतरले म्हणायचे की ७३ टक्के? अहवालात अचूकतेसाठी रकाना एकच आहे.

---

खडूफळा

मराठीत डब्ल्यूईआरच्या नादी लागू नये. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, शब्द लांब होतात, एक वेलांटी चुकली की अख्खा शब्द चूक. सीईआरच द्या. त्याआधी विरामचिन्हे, झेडडब्ल्यूजे, झेडडब्ल्यूएनजे वगैरे अदृश्य कचरा दोन्ही फायलींतून काढून टाका. मग प्रत्येक पानाचा सीईआर काढून २० पानांची सरासरी घ्या. विषय संपला.

---

मात्रा_वेलांटी

खडूफळा, लांब शब्दांचे म्हणणे बरोबर आहे, पण बाकी दोन्ही सल्ल्यांत पाय घसरतो. आधी तफावत कुठून येते ते एका ओळीवर बघू.

पानावर: `त्याच्या घराजवळ विहीर होती.`
ओसीआर: `त्याच्या घरा जवळ विहिर होती`

युनिकोडच्या हिशेबाने मोजले तर पानावरच्या ओळीत २७ खुणा आहेत. त्याच्या ८ (त, ्, य, ा, च, ्, य, ा), घराजवळ ६, विहीर ५, पूर्णविरामासह होती ५ आणि ३ मोकळ्या जागा. चुका तीन: एक मोकळी जागा जास्तीची आली, दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झाली, पूर्णविराम गळाला. सीईआर ३ भागिले २७, म्हणजे ११.१ टक्के.

आता शब्द. पानावर ४ आहेत. "घराजवळ"चे दोन तुकडे झाले, त्याच्या दोन चुका (एक बदल, एक भर). "विहीर" एक. "होती." आणि "होती" हे यंत्राच्या लेखी वेगळे शब्द, म्हणून आणखी एक. एकूण ४ चुका, ४ शब्द, डब्ल्यूईआर १०० टक्के. प्रत्यक्षात "त्याच्या" हा शब्द अगदी बरोबर आहे. त्यामुळे १०० मधून डब्ल्यूईआर वजा करून "शून्य टक्के शब्द बरोबर" म्हणणे चूक ठरेल. जास्तीचे शब्दही चुकांत धरले जातात, म्हणून हा दर १०० च्या वरही जाऊ शकतो. सीईआरचेही तेच.

तुमच्या आकड्यांबद्दल: शब्द आणि त्यामागची जागा मिळून सरासरी ७ खुणा धरू. चुका इतस्ततः विखुरलेल्या असतील तर शब्द चुकण्याचे प्रमाण साधारण असे येते:

```
1 - (1 - 0.042)^7 = 0.26
```

२६ अपेक्षित, २७ मिळाले. म्हणजे दोन आकड्यांत भांडण नाहीच. डब्ल्यूईआर १० आला असता तर चुका थोड्या जागी ढिगाने पडल्या आहेत, एखादी ओळच गेली आहे, असे समजायचे. ४० आला असता तर मी आधी मोकळ्या जागा तपासल्या असत्या, कारण जागेची एक चूक दोन शब्द घेऊन बुडते.

अहवालात दोन्ही आकडे द्या, "अचूकता" हा शब्दच टाळा. दुरुस्तीला किती हात लागेल ते सीईआर सांगतो. पुस्तकात शब्द शोधला तर सापडेल का, हे डब्ल्यूईआरवरून कळते.

---

ध्वनिफीत

चांगला धागा. माझ्याकडे मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आहेत, ४० तास. त्यात "अं", "म्हणजे" असे पालुपद फार येते. ते धरायचे की नाही? आणि नमुन्याची पाने कशी पाडायची? प्रत्येक अर्ध्या तासाचे एक पान असे धरले तर चालेल का?

---

मात्रा_वेलांटी

ध्वनिफीत, इथे छापील पानांचे चालले आहे. सूत्र तेच, पण तुमच्याकडे "पानावर काय आहे" ही साक्ष नाही, ऐकणाऱ्यागणिक मजकूर बदलतो. "अं" लिहायचा की नाही हे मोजण्याआधी लेखी ठरवा आणि दोन्ही बाजूंना सारखे लावा. नमुना मिनिटांत पाडा, पानांत नको. पुढचे वेगळ्या धाग्यावर बोलू.

---

कंपोझिटर

जुनी_पाने, आकड्यांआधी तुमच्या दुरुस्त मजकुराकडे बघा. तिथे मला दोन खोटी दिसतात.

ओसीआरचाच मजकूर समोर ठेवून दुरुस्त केला की डोळा घसरतो. "विहिर" समोर असेल तर वाचणारा "विहीर" वाचून पुढे जातो. ती चूक दुरुस्त मजकुरातही राहते आणि मोजणीत "बरोबर" धरली जाते. सीईआर खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

दुसरी खोट उलट्या बाजूने. पुस्तक जुन्या शुद्धलेखनातले, म्हणजे १९६२ च्या नियमांआधीचे अनुच्चारित अनुस्वार असणार: नांव, घरांत, केलें. दुरुस्त करताना हात आपोआप "घरात", "केले" लिहितो. ओसीआरने बरोबर टिपलेला अनुस्वार मग चूक ठरतो. या दोन खोटी एकमेकींना फेडतील या भरवशावर राहू नका. पानात छापखान्याची चूक असेल तर तीसुद्धा तशीच ठेवायची. आपण उतरवणे मोजतो आहोत, लेखकाचे शुद्धलेखन नव्हे.

तपासायची सोपी रीत आहे. तुमच्या नमुन्यातली ५ पाने दुसऱ्या माणसाने ओसीआर न बघता, नुसत्या प्रतिमेवरून कोरी टंकावी. ती प्रत आणि तुमची दुरुस्त प्रत यांच्यात सीईआर काढा. तो ०.३ आला तर मोजपट्टी ठीक. १.५ आला तर ४.२ या आकड्याच्या दशांशावर कुणी वाद घालू नये, आधी मोजपट्टी सरळ करावी. वेगळी आलेली प्रत्येक जागा पान उघडून निकाली काढायची, कुणाचे बरोबर हे बहुमताने ठरवायचे नाही.

आणि पहिली २० पाने? त्यात मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका येणार. अनुक्रमणिकेत प्रकरणाचे नाव आणि पान क्रमांक यांच्यामध्ये टिंबांची रांग असते. तुम्ही ४० टिंबे टंकली आणि ओसीआरने ३१ दिली की ९ चुका, मजकुराशी काडीचा संबंध नसलेल्या.

---

जुनी_पाने

अनुक्रमणिका २० मध्ये आहेच, ३ पाने. टिंबे मी मोजून टंकली होती! अनुस्वारांचेही तुमचे खरे निघाले, दोन पाने पुन्हा बघितली तर "हातांत", "त्यांत" सारख्या ठिकाणी माझ्याकडूनच गाळणी झाली आहे.

नवा नमुना घेतो. पण खडूफळा म्हणाले तसे अदृश्य खुणा काढायच्या की नाही?

---

मात्रा_वेलांटी

सरसकट नाही. मराठीत एक झेडडब्ल्यूजे अर्थ धरून बसलेला असतो. "दरी"चे अनेकवचन दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या हे दोन शब्द घ्या. पहिल्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो: कुणी U+0931 आणि हलन्त वापरतो, कुणी साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण मोजणीत त्यांच्यात २ चुका धरल्या जातात. NFC या युनिकोडच्या एकरूप करण्याच्या रीतीने हे मिटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपे समान नाहीत.

आणि झेडडब्ल्यूजे आंधळेपणाने उडवला की दुसऱ्या रूपाचे "दर्या" होते. ओसीआरने खरोखरच दऱ्यांचा समुद्र केला असेल तर ती चूक मोजणीतून गायब. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी एकरूप करा, मग उरलेले काढा:

```python
import unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = s.replace("\u0906\u0945", "\u0911")
    s = s.replace("\u200c", "").replace("\u200d", "")
    return " ".join(s.split())
```

मधल्या दोन ओळी ॲ आणि ऑ साठी. "अ"वर चंद्र देऊन टंकलेला ॲ आणि एकसंध ॲ हेही NFC ला वेगळेच वाटतात. शेवटची ओळ साधी दिसते पण ती विसरू नका. jiwer शब्द तोडतो तो मोकळ्या जागेवर. ओळ संपल्याची खूण तशीच राहिली तर ओळीचा शेवटचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मिळून एकच शब्द होतो, आणि ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या की डब्ल्यूईआर विनाकारण फुगतो.

विरामचिन्हे काढू नका. हवे तर दोनदा मोजा, चिन्हांसह आणि चिन्हांशिवाय. वरच्याच ओळीत पूर्णविराम दोन्हीकडून काढला तर सीईआर २ भागिले २६, म्हणजे ७.७ होतो आणि डब्ल्यूईआर ७५. कोणता आकडा कसा काढला हे शेजारी लिहिले नसेल तर दोघांचे अहवाल एकमेकांशी ताडता येत नाहीत. अवतरणचिन्हे सरळ की वाकडी, विसर्गाच्या जागी कोलन, ० की 0, हेही एकदाच ठरवा. विसर्ग आणि कोलन मी एकरूप करत नाही, ती खरी चूक आहे.

---

खडूफळा

दऱ्या-दर्याचे मान्य. माझ्या जुन्या मोजण्या आता पुन्हा बघाव्या लागतील.

पण मग मराठीत मोजणी अक्षरांवर का नको? "त्या" हे वाचणाऱ्याला एक अक्षर आहे, चार खुणा नव्हेत. २७ हा भाजक मुळातच फुगवलेला आहे. अक्षरे मोजली तर ती ओळ १६ ची होते आणि सीईआर १८.८ टक्के. हा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो.

---

मात्रा_वेलांटी

प्रामाणिक आहे, पण निसरडाही. अक्षरे कशी तोडायची याचा युनिकोडचा नियम १५.१ या आवृत्तीत बदलला. त्याआधीच्या नियमाने "त्या"चे "त्" आणि "या" असे दोन तुकडे पडत, आता जोडाक्षर एकत्र राहते. जुन्या लायब्ररीने हीच ओळ १८ ची भरेल आणि सीईआर १६.७ येईल. ओळ तीच, चुका त्याच, आकडा मात्र लायब्ररीवर. dinglehopper सारखी साधने अक्षरगटांवरच मोजतात, jiwer खुणांवर, म्हणून या दोघांचे आकडे शेजारी ठेवू नयेत.

मी खुणांवर मोजतो कारण भाजक कुठेही तोच निघतो. एवढेच कारण.

---

कंपोझिटर

इथे मी खडूफळांच्या बाजूने. दुरुस्ती करणारा माणूस "त्या" चुकले तर अख्खे "त्या" पुन्हा टंकतो, नुसता हलन्त दुरुस्त करत बसत नाही. श्रमाचा अंदाज द्यायचा असेल तर अक्षरच हवे.

---

जुनी_पाने

नवा नमुना झाला. ४३० पानांतून यादृच्छिक क्रमांक काढून ३० पाने घेतली, प्रतिमेवरून कोरी टंकली, `saaf` लावले. २७ पाने साध्या मजकुराची: ४०,५०० खुणा, १,१३४ चुका. ३ पाने मागच्या सूचीची, दोन स्तंभांची: ६,००० खुणा आणि ३,३०० चुका!

सगळे मिळून ४,४३४ भागिले ४६,५००, म्हणजे ९.५ टक्के. पानांची सरासरी घेतली तर ८.० येते. आधी ४.२ होता. आता अहवालात काय लिहू?

---

शून्य_ते_नऊ

तीन आकडे, तिघांची कारणे वेगळी. एकेक घेऊ.

सूचीच्या पानांवर ५५ टक्के चुका म्हणजे अक्षरे वाचता आली नाहीत असे नसणार. jiwer.process_characters मधून बदल, गळती आणि भर वेगवेगळी काढा. बदल थोडे, पण गळती आणि भर दोन्ही मोठ्या आणि जवळपास सारख्या असतील, तर ओसीआरने दोन्ही स्तंभ आडवे सलग वाचले आहेत. अक्षरे बरोबर, क्रम चूक. तेव्हा मोजणी इथला मजकूर गळाला म्हणते आणि तोच तिथे जास्तीचा आला म्हणते. नुसतीच गळती मोठी असेल तर ओळी सुटल्या. जवळपास सगळे बदलच असतील तरच तो अक्षर ओळखण्याचा दोष.

पानांची सरासरी आणि एकत्रित भागाकार यांत फरक पडतो कारण सरासरीत चार ओळींच्या पानालाही भरगच्च पानाइतकेच मत मिळते. तुमची सूचीची पाने भरगच्च आहेत, म्हणून ९.५ विरुद्ध ८.०. सगळ्या चुका भागिले सगळ्या खुणा हेच घ्या. jiwer ला पानांची यादी दिली तर तो तसेच करतो.

तिसरी गोष्ट नमुन्याची. पुस्तकात सूचीची पाने एकूण किती? नमुन्यात ती दहातली एक आली आहेत.

---

जुनी_पाने

सूची १८ पानांची. आणि हो, गळती व भर दीड-दीड हजारांच्या घरात, बदल अगदी थोडे. स्तंभ वेगळे कापून पुन्हा ओसीआर केले: त्याच ३ पानांवर २१० चुका.

---

शून्य_ते_नऊ

म्हणजे ३.५ टक्के. छान.

पुस्तकात सूची ४३० पैकी १८ पाने, जेमतेम ४ टक्के, आणि नमुन्यात १० टक्के. योगायोगाने जास्त आली. म्हणून प्रत्येक प्रकाराचा सीईआर वेगळा काढून पुस्तकातल्या वाट्याने जोडायचा. साधे पान १,५०० खुणांचे, अशी ४१२ म्हणजे ६,१८,००० खुणा, २.८ टक्क्यांनी १७,३०४ चुका. सूची २,००० खुणांची १८ पाने, ३६,००० खुणा. स्तंभ न कापता ५५ टक्क्यांनी १९,८०० चुका. एकूण ३७,१०४ भागिले ६,५४,०००, म्हणजे ५.७ टक्के. स्तंभ कापून २.८. वर ९.५ दिसत होता तो पुस्तकाचा नव्हता, तुमच्या नमुन्याच्या मिश्रणाचा होता. पुढच्या वेळी प्रत्येक प्रकारातून किती पाने घ्यायची हे आधीच ठरवा.

एकटा २.८ लिहू नका, त्याचा पल्ला द्या. एका पानावरच्या चुका एकमेकींना धरून येतात, शाई पुसट असेल तर सगळे पान मार खाते. म्हणून ४०,५०० खुणा म्हणजे तेवढे स्वतंत्र पुरावे नव्हेत, पुरावे आहेत २७ पाने. पानांच्या चिठ्ठ्या करा, एक काढा, टिपा, परत टाका, असे २७ वेळा. त्यातून सीईआर. हे २,००० वेळा, मग दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के आकडे सोडून मधला उरतो तो पल्ला:

```python
import random

def palla(pane, n=2000):   # pane: (चुका, खुणा)
    r = []
    for _ in range(n):
        s = random.choices(pane, k=len(pane))
        r.append(sum(c for c, k in s) / sum(k for c, k in s))
    r.sort()
    return r[int(.025 * n)], r[int(.975 * n)]
```

सूचीच्या ३ पानांवर हे चालवू नका. तीन चिठ्ठ्यांतून निघणारा पल्ला फसवा अरुंद असतो. तिथे तिन्ही पानांचे आकडे सरळ लिहा.

---

जुनी_पाने

साध्या पानांचा पल्ला २.३ ते ३.४ आला. दुसरे एक ओसीआर याच २७ पानांवर २.५ देते आहे. म्हणजे ते चांगले म्हणता येत नाही ना, पल्ल्याच्या आतच आहे?

---

शून्य_ते_नऊ

तसे ठरवता येत नाही. दोन्ही साधने त्याच पानांवर चालली आहेत, तेव्हा पानागणिक फरक घ्या आणि त्या फरकाचा पल्ला काढा. पुसट पान दोघांनाही जड जाते, तो भाग वजाबाकीत निघून जातो. २७ पैकी २४ पानांवर दुसरे साधन थोडे थोडे सरस असेल तर पल्ले एकमेकांवर चढलेले असूनही ते खरेच सरस आहे.

---

कंपोझिटर

एक भर. टंकायचे श्रम तेवढेच असतील तर ३० पूर्ण पानांपेक्षा ६० पानांवरच्या निम्म्या निम्म्या ओळी घ्या. पाने जास्त म्हणजे पल्ला अरुंद.

---

मात्रा_वेलांटी

मग स्तंभांचा घोळ कधीच दिसला नसता, कारण ओळी कापून घेतल्या की क्रम आपणच लावून देतो. निदान थोडी पाने पूर्ण हवीतच. किती, याचे ठाम उत्तर माझ्याकडे नाही.

---

जुनी_पाने

अहवालात दोन ओळी लिहितो, साधी पाने आणि सूची वेगळी, खाली `saaf` चे नियम. एक राहिले: १४ पानांवर तळटीपा आहेत आणि ओसीआर त्या कधी पानाच्या मध्येच घुसवतो. त्या वेगळ्या फायलीत घालून मोजू की पानातच ठेवू?

---

कंपोझिटर

वेगळ्या. मजकूर वाचणाऱ्याला तळटीप कुठे पडली याने फारसे अडत नाही.

---

खडूफळा

आणि पुस्तक पुन्हा छापायचे असेल तर नेमके तिथेच अडते. पानातच ठेवा.